आपला माणूस पंधरा वाक्ये बोलतो, रिपोर्टात एकच उरते

खालचे वाक्य एका दमात मोठ्याने वाचून पाहा.

"मी वरील ठिकाणी राहत असून मजुरी करतो, घटना तारखेस सायंकाळी सहा वाजताच्या सुमारास मी व माझा भाऊ असे हातपंपावर पाणी आणण्याकरिता गेलो असता तेथे गावातील दोन इसम हजर असून त्यांनी पाणी भरण्यास मनाई करून आम्हास जातिवाचक शिवीगाळ करून त्यांचे हातातील काठीने मारहाण करून जखमी केले व माझी आई सोडविण्याकरिता आली असता तिला सुद्धा धक्काबुक्की करून जिवे मारण्याची धमकी दिली व तेथे हजर असलेल्या लोकांनी सोडवासोडव केली वरून रिपोर्ट देत आहे."

हा कोणा एका गुन्ह्याचा खरा कागद नाही. नमुना म्हणून आम्हीच तयार केला आहे. पण वणी-मारेगावपासून पुसद-उमरखेडपर्यंत ज्याने कधी अॅट्रॉसिटीचा रिपोर्ट हातात घेतला असेल त्याला ही ढब लगेच ओळखू येईल. सुरुवात 'राहत असून', शेवट 'वरून रिपोर्ट', आणि मधे पूर्णविराम नाही.

आता सांगा, काठी कोणी मारली? कोणाला मारली? शिवी दोघांनी दिली की एकाने? धमकी कोणाला होती?

या वाक्यातून एकाही प्रश्नाचे उत्तर निघत नाही. पण ज्या पोराने हा रिपोर्ट दिला असे आपण समजतो आहोत, तो ठाण्यात काय बोलला असेल ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण आपण तसेच बोलतो :

"इतवार होता. सांजचे सा वाजले असतीन. म्या अन् भाऊ बोरिंगवर पान्याले गेलो. ते दोघं भाऊ तिथं उभे होते. मोठा बोलला, इथं पानी भराचं नाही. माह्या भावानं म्हटलं, बोरिंग गरामपंचायतीचं आहे. मंग लहान्यानं बादली लाथाडली. मोठ्यानं जातीवरून शिवी देल्ली. लहान्यानं भावाच्या डोक्यात काठी हानली. माय धावत आली. मोठ्यानं तिले ढकललं. ते पडली. समोरच्या दुकानात चार-पाच जन बसेल होते. त्यायनं सोडोलं. जाता जाता मोठा बोलला, उद्या आले तं जित्ते ठेवत नाही."

मोजा. पंधरा वाक्ये आहेत. प्रत्येकात एक माणूस आणि एक कृती. कोण, कोणाला, काय, सगळे जागेवर. शाळा अर्धवट सोडलेला मजूर जे स्वच्छ सांगतो ते लिहिणाऱ्याच्या हाताखालून जाताना गढूळ होते. म्हणून आमचे पहिले भांडण "आपल्या लोकांना नीट सांगता येत नाही" या वाक्याशी आहे. हे वाक्य ठाण्यात ऐकू येते, वकिलांच्या टेबलाशी ऐकू येते, आणि खेदाची गोष्ट म्हणजे आपल्या सुशिक्षित कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकू येते. सांगता येते. लिहिणाऱ्याला तोडता येत नाही.

दुसरे भांडण त्याहून जवळच्यांशी आहे. "वाक्य तोडलं की मुद्दे सुटतात, एका वाक्यात सगळं बसतं," असे मानणाऱ्यांशी. वरचे दोन मजकूर शेजारी ठेवा आणि सगळे बसले का ते तपासा. बोरिंग ग्रामपंचायतीचे आहे हे भावाचे म्हणणे लांब वाक्यात नाहीच. लाथाडलेली बादली नाही. माय पडली हे नाही. तीन गोष्टी समूळ गेल्या. (वार गेला तो सोडून देऊ, तारीख-वार फॉर्मच्या वेगळ्या रकान्यात येतो.) मनाई, शिवी, काठी, ढकलणे आणि धमकी या पाच कृत्यांचा कर्ता गेला. पाचही कृत्ये एकाच 'त्यांनी'च्या खुंटीला टांगली आहेत. समोरचे दुकान आणि तिथले चार-पाच जण यांचे 'हजर असलेले लोक' झाले.

आणि काही गोष्टी नसताना आल्या. 'आम्हास मारहाण करून जखमी केले' म्हणजे दोघेही जखमी. डॉक्टरांच्या कागदावर मात्र एकाच्याच डोक्याला मार दिसेल. मग उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येईल की, तुम्हाला कुठे लागले होते? तुम्ही खोटे सांगितले होते का? पोरगा खोटे बोलला नव्हता. 'आम्हास' हा शब्द त्याचा नव्हताच. धमकीही सरकली. ती सोडवासोडवीच्या आधी आली, आणि वाक्याची रचना अशी आहे की धमकी फक्त आईला दिली असे वाचता येते.

हे कसे घडते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळा घोळ मराठीच्या दोन-तीन छोट्या प्रत्ययांत आहे.

पहिला '-ऊन'. 'मनाई करून, शिवीगाळ करून, मारहाण करून जखमी केले.' मराठीत 'करून' ज्याचे, शेवटचे क्रियापदही बहुधा त्याचेच असते. 'तो जेवून झोपला' म्हणजे जेवला तोच झोपला. म्हणून चार कृती '-ऊन'ने जोडल्या की चारही एकाच कर्त्याच्या होतात. इथे कर्ता 'त्यांनी', म्हणजे दोघांनी मिळून सगळे केले असा अर्थ झाला. दुसरे नुकसान त्याहून मोठे. '-ऊन' लागलेली कृती मागे जाते आणि शेवटचे क्रियापद पुढे येते. वाचणाऱ्याच्या मनात 'जखमी केले' आणि 'धमकी दिली' राहते. 'मनाई करून' हे जणू भांडणाची प्रस्तावना आहे असे वाटते.

पण ती प्रस्तावना नाही, तो स्वतंत्र गुन्हा आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 3(1)(za) आले. विहीर, तळे, नळ किंवा पाण्याची कोणतीही जागा इतरांच्या बरोबरीने वापरायला अडवणे हा त्यात गुन्हा आहे. ही दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. 'मनाई करून' या दोन शब्दांत दबलेली गोष्ट वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटली की कलम लागत नाही. कलम लागले नाही तर 1995 च्या नियमांखाली मिळणाऱ्या अर्थसाहाय्यातही त्याचा हिशेब होत नाही, कारण ते अर्थसाहाय्य गुन्ह्यागणिक ठरलेले आहे. एक '-ऊन' किती महागात पडतो ते यावरून पाहा. ज्या समाजाने 1927 मध्ये महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्या समाजाच्या रिपोर्टात पाणी अडवल्याची गोष्ट अर्ध्या क्रियापदात उरकली जाते!

दुसरा 'असता'. 'गेलो असता', 'आली असता'. याचा अर्थ 'तेव्हा' होतो, 'त्यानंतर' होतो, कधी 'त्यामुळे' असाही वाटतो. आई आली तेव्हा भावाला मार बसून झाला होता की चालू होता? 'असता' सांगत नाही. तिसरा कर्मणी प्रयोग : 'मारहाण करण्यात आली', 'शिवीगाळ केली गेली'. त्यात करणारा माणूस वाक्यातून उठून बाहेर निघून जातो. सरकारी मराठीला तो फार आवडतो, आणि का आवडतो हे आंबेडकरी वाचकाला समजावण्याची गरज नाही.

ही ढब पोलिसांनीच शोधली असेही नाही. 'कारणे लिहून देतो की' म्हणत सुरू होणारी खरेदीखते आणि कबुलायती अशाच एका दमात लिहिल्या जात. जुन्या मोडी दस्तांत विरामचिन्हे जवळजवळ नसतच. कागद बदलला, संगणक आला, दम तसाच राहिला. पण कोणत्याही कायद्यात 'रिपोर्ट एका वाक्यात असावा' असे लिहिलेले नाही. उलट अॅट्रॉसिटी नियम 1995 मधला नियम 5 सांगतो की, तोंडी खबर ठाणे प्रभारीने लिहून घ्यावी, वाचून दाखवावी, मग सही घ्यावी आणि प्रत मोफत द्यावी. सहीआधी वाचून दाखवणे हे कायद्याच्या कलम 4 मध्ये लोकसेवकाचे कर्तव्य म्हणून वेगळे लिहिले आहे. ते जाणूनबुजून टाळणारा लोकसेवक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर त्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षेची तरतूद आहे. मात्र वाचून दाखवले म्हणजे ऐकणाऱ्याला कळले असे नाही. डोक्याला पट्टी बांधलेल्या भावाला शेजारी बसवून ऐकताना वरचे वाक्य कोणाला कळेल? तो मान हलवतो आणि सही करतो.

म्हणून काम सहीच्या आधी करायचे. आम्ही करतो ते असे.

माणूस बोलत असताना वहीत त्याचे बोलणे त्याच्याच बोलीत उतरवायचे. 'हानली'चे 'मारहाण केली' करायचे नाही. मग प्रत्येक गोष्टीला आकडा द्यायचा. वरच्या बोलण्यात एक ते पंधरा आकडे पडतात. त्यानंतर स्वच्छ प्रत लिहायची आणि प्रत्येक वाक्याशेजारी वहीतला आकडा पुन्हा टाकायचा. एखादा आकडा स्वच्छ प्रतीत दिसला नाही तर ती गोष्ट सुटली. एखाद्या वाक्याला आकडाच नाही तर ती गोष्ट आपण पदरची घातली. दोन्ही चुका लगेच सापडतात. यासाठी कोणाला व्याकरण यावे लागत नाही, पेन्सिल लागते.

आधीच तयार असलेला लांब मजकूर तपासायचा असेल तर क्रियांखाली रेघ मारायची. आमच्या नमुन्यात राहत असून, करतो, गेलो असता, हजर असून, मनाई करून, शिवीगाळ करून, मारहाण करून, जखमी केले, आली असता, धक्काबुक्की करून, धमकी दिली, हजर असलेल्या, सोडवासोडव केली आणि रिपोर्ट देत आहे अशा चौदा रेघा पडतात. प्रत्येक रेघेपाशी थांबून 'कोणी?' आणि 'कोणाला?' विचारायचे. उत्तर कागदावर नसेल तर ते आपण ठरवायचे नाही, माणसाला विचारायचे. वाक्य तोडण्यातला खरा कस इथे लागतो. लांब वाक्यात कर्ता न सांगता चालते. छोट्या वाक्यात चालत नाही, कारण 'काठी मारली' एवढेच लिहिले की 'कोणी' ही रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरते. ती आपल्या अंदाजाने भरण्याचा मोह होतो. तो मोह केस बुडवतो.

त्या पंधरा गोष्टींची स्वच्छ प्रत अशी होईल. मोठ्या भावाला 'अ' म्हणू, लहान्याला 'ब'. खऱ्या कागदावर पूर्ण नावे येतील.

"रविवारी सायंकाळी अंदाजे सहा वाजता मी आणि माझा भाऊ बोरिंगवर पाणी आणायला गेलो. अ आणि ब हे दोघे भाऊ तिथे उभे होते. अ म्हणाला, 'इथं पानी भराचं नाही.' माझा भाऊ म्हणाला, 'बोरिंग गरामपंचायतीचं आहे.' मग ब याने बादली लाथाडली. अ याने जातीवरून शिवी दिली. ब याने माझ्या भावाच्या डोक्यात काठी मारली. माझी आई धावत आली. अ याने आईला ढकलले. आई पडली. समोरच्या दुकानात चार-पाच जण बसले होते. त्यांनी सोडवले. जाता जाता अ म्हणाला, 'उद्या आले तं जित्ते ठेवत नाही.'"

पहिल्या वाक्यात एक, दोन आणि तीन हे आकडे एकत्र आले आहेत. ते चालते. वेळ, जागा आणि 'आम्ही गेलो' यांत कर्त्याचा गोंधळ होत नाही. तोडायचे म्हणून तोडायचे नाही. जिथे करणारा बदलतो किंवा कृती बदलते तिथे पूर्णविराम द्यायचा, एवढे सूत्र पुरते.

आता या प्रतीत काय जपले आहे ते पाहा, कारण घाईने तोडणारे नेमके तेच हरवतात. पोरगा म्हणाला 'वाजले असतीन', म्हणून 'अंदाजे' राहिले. ते पुसून 'सहा वाजता' लिहिले की दवाखान्याच्या नोंदीतल्या वेळेशी विसंगती निघायला जागा होते. पोरगा 'मंग' म्हणाला, म्हणून 'मग' लिहिले. आपल्याला 'त्यामुळे चिडून' लिहावेसे वाटते. पण चिडला हे आपण ठरवले. पोराने क्रम सांगितला, कारण सांगितले नाही. उलट बाजूही आहे. त्याने 'म्हणून' म्हटले असेल, "आम्ही बौद्ध म्हणून आम्हाले पानी भरू देत नाही" असे सांगितले असेल, तर तो 'म्हणून' वाक्य तोडताना सांडता कामा नये. 'आम्ही बौद्ध आहोत. आम्हाला पाणी भरू देत नाही.' ही दोन वाक्ये दिसायला स्वच्छ आहेत, पण मधला सांधा गेला आणि अॅट्रॉसिटीचा प्राण त्या सांध्यात होता. तिथे वाक्य लांबले तरी एकच ठेवा.

'तो', 'त्याने', 'त्यांनी' हेही जपून वापरायचे. एका बाजूला दोन भाऊ आणि दुसऱ्या बाजूलाही दोन भाऊ असताना 'त्याच्या भावाला त्याने मारले' हे छोटे वाक्य लांब वाक्याइतकेच निकामी आहे. प्रत्येक वेळी नाव लिहा. वाचायला कंटाळवाणे वाटेल, पण रिपोर्ट ही कादंबरी नाही. दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट 'मला अमक्याने सांगितले' या शब्दांनीच लिहायची. 'असे समजले' काढून टाकून ती पाहिल्यासारखी लिहिली तर छोट्या वाक्यात मोठे खोटे तयार होते.

स्वच्छ प्रत तयार झाली की तिच्यातली भोके दिसू लागतात. वरच्या प्रतीत जातीची शिवी नेमकी कोणती? 'जातिवाचक शिवीगाळ' हा शब्दप्रयोग पुरत नाही. तोंडातून निघाला तो शब्द जसाच्या तसा कागदावर यायला हवा. (आम्ही तो इथे छापत नाही. रिपोर्टात छापायला लाजू नका, लाज देणाऱ्याची आहे.) शिवी कोणाला उद्देशून होती? धमकी कोणाला? काठी ब च्या हातात आधीपासून होती की तिथून उचलली? दुकानात बसलेले कोण? ते नात्यातले की बाहेरचे? त्यांना शिवी ऐकू गेली का? हा प्रश्न सोडू नका. कलम 3(1)(r) आणि 3(1)(s) मध्ये अपमान किंवा जातीच्या नावाने शिवी लोकांच्या नजरेसमोरच्या जागी झालेली असावी लागते. 2008 च्या स्वरणसिंग आणि 2020 च्या हितेश वर्मा या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा तपासला. 'तेथे हजर असलेल्या लोकांनी' या शब्दांत तो मुद्दा हवेत राहतो. 'समोरच्या दुकानात चार-पाच जण बसले होते' या वाक्यात त्याला जमीन मिळते.

आणखी एक प्रश्न : अ आणि ब तुम्हाला ओळखतात का? कलम 8 सांगते की आरोपीला पीडिताची किंवा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक ओळख होती हे दिसले, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय धरून चालेल, उलट सिद्ध होईपर्यंत. 'गावातील दोन इसम' लिहिल्याने ही गोष्ट मरते. 'अ आणि ब आमच्याच गावचे आहेत. ते आम्हाला लहानपणापासून ओळखतात.' अशी दोन वाक्ये लिहिली की जिवंत होते. पण पोराने ती आपणहून सांगितलेली नाहीत. म्हणून अशा वाक्याशेजारी वहीत आकडा टाकायचा नाही, 'विचारल्यावर' असे लिहायचे. जातीचे वाक्यही असेच स्वतंत्र लिहायचे. बौद्ध बांधव अभिमानाने 'बौद्ध' एवढेच सांगतात आणि ते योग्यच आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मीयांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. तरी रिपोर्टात जातीच्या दाखल्यावर जे लिहिले आहे ते तसेच वेगळ्या वाक्यात द्या, म्हणजे त्यावरून फाटे फुटणार नाहीत.

आता आपल्याच घरातले ऐका. ठाण्यातला कागद आपल्या हातात नव्हता असे म्हणता येते. पण आपल्या सत्यशोधन पथकांचे अहवाल? त्यांतली वाक्ये अशी असतात : 'जातीयवादी मानसिकतेने पछाडलेल्या गावगुंडांनी एका निष्पाप बौद्ध कुटुंबावर अमानुष हल्ला करून दहशत निर्माण केल्याने गावात भीतीचे वातावरण असून प्रशासन मूग गिळून गप्प आहे.' यात तारीख नाही, जागा नाही, हल्ला कशाने झाला ते नाही, प्रशासन म्हणजे कोण आणि त्याच्याकडे कधी गेलो ते नाही. विशेषणे काढा, उरते काय? पोलिसांच्या वाक्यात कर्ता '-ऊन'मध्ये बुडतो, आपल्या वाक्यात तो संतापात बुडतो. संताप खरा आहे. तो सभेत बोला. अहवालात 'ब याने भावाच्या डोक्यात काठी मारली' हे वाक्य 'अमानुष हल्ला' या दोन शब्दांपेक्षा जास्त जळजळीत आहे, आणि ते खोडता येत नाही.

बाबासाहेबांचे 'जातिभेद निर्मूलन' उघडून पाहा. 1936 च्या त्या भाषणात इंदूर भागातल्या बलाई समाजावर लादलेले नियम येतात. बाबासाहेब ते टाइम्स ऑफ इंडियाच्या 4 जानेवारी 1928 च्या बातमीतून घेतात. फेटा कसला बांधायचा नाही, धोतराचा काठ कसला नको, बायकांनी कोणते दागिने घालायचे नाहीत, लग्नात वाजवायला जायचे, सगळे एकेक करून, सुटे सुटे येते. बलाईंनी नकार दिल्यावर काय झाले तेही सुटे येते : विहिरीचे पाणी बंद, गुरांची चराई बंद, वाट बंद. 'बलाईंवर अनन्वित अत्याचार करून बहिष्कार टाकण्यात आला' एवढ्यावर ते भागले असते तर त्या फेट्याचे आणि धोतराच्या काठाचे आज आपल्याला काही कळले नसते.

काही कार्यकर्ते म्हणतात, "इतकं स्वच्छ लिहिलं तर वकील म्हणेल, शिकवलेला जबाब आहे." ही शंका पोकळ नाही. वकील म्हणेलच. पण शिकवलेपणा वाक्याच्या लांबीने ठरत नाही, परक्या शब्दांनी ठरतो. ज्याने उभ्या आयुष्यात 'इसम' हा शब्द वापरला नाही, त्याच्या तोंडी 'इसम' घातला की खरा शिकवलेपणा दिसतो. कोर्टात उभा राहून तो 'लहान्यानं काठी हानली' असेच सांगणार. रिपोर्टात तेच असेल तर दोन्ही जुळतात.

ते जुळणे का गरजेचे आहे तेही सांगतो. तपासात पोलीस जबाब घेतात. त्या जबाबात महत्त्वाची गोष्ट नसेल आणि साक्षीदाराने ती कोर्टात पहिल्यांदा सांगितली, तर ते न सांगणेच विसंगती ठरू शकते. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 162 च्या स्पष्टीकरणात होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 181 मध्ये आहे. कोर्टात त्याला 'ओमिशन' म्हणतात. प्रथम खबर म्हणजे घटनेचा ज्ञानकोश नव्हे हे न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे, त्यामुळे एखादी बारीक गोष्ट राहिली म्हणून केस जात नाही. पण 'अ याने पाणी भरू दिले नाही' ही बारीक गोष्ट नाही. 'बादली लाथाडली' हीसुद्धा नाही, कारण पाणी अडवल्याचा तो हातातला पुरावा आहे.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या पोडांवर काम करणाऱ्यांसाठी एक जोड. कोलाम बाई कोलामीत सांगते, कोणीतरी मराठीत सांगतो, तिसरा लिहितो. तिथे लांब वाक्य तीनदा मळते. एक वाक्य ऐका, एक सांगा, एक लिहा, मग पुढचे. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या.

जो रिपोर्ट आधीच सही होऊन दाखल झाला आहे त्याला हात लावायचा नाही. तो जसा आहे तसा राहणार. राहिलेल्या गोष्टी पुरवणी जबाबात द्यायच्या, त्याही अशाच सुट्या वाक्यांत. शक्य तितक्या लवकर द्यायच्या, कारण जितका उशीर तितका 'नंतर सुचलेले' हा आरोप जड होतो. अॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. पुरवणी जबाबाची मागणी त्यांच्याकडे लेखी करा, मागणीवर तारीख टाका आणि पोच घ्या. पहिल्या दिवशीची वही मात्र फाडू नका. खाडाखोड, आकडे, शेजारचे 'विचारल्यावर', सगळे तसेच ठेवा. सांगणाऱ्याने नेमके काय सांगितले होते ते दोन वर्षांनी त्यालाही आठवणार नाही. 'मंग लहान्यानं बादली लाथाडली' हे त्या वहीत सात नंबरला असेल.